परदेशातल्या दुधाचं दही घरच्यासारखं का लागत नाही?

प्रश्न: आम्ही साताऱ्याचे. मुलगा जर्मनीत शिकायला गेलाय. तिथल्या दुधाला विरजण लावतो, पण दही काही धड लागत नाही; कधी पातळच राहतं, कधी फाटल्यासारखं होतं. मी फोनवर सांगते तसंच सगळं करतो म्हणतो. तिथल्या दुधातच काही खोट असते का? घरचं विरजण वाळवून पाठवू का?

उत्तर: मी सांगलीची. नोकरी दूध प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत झाली आणि त्यातली बरीच वर्षं दह्याच्या विभागात गेली. तुमच्या मुलाचं जे चाललंय तेच माझ्या भाचीचं ड्रेस्डेनमध्ये चाललं होतं. ती तासगावची. घरी म्हशी, त्यामुळे दही ही विकत आणायची वस्तू असते हे तिला तिकडे गेल्यावरच कळलं. तिची गोष्ट क्रमाने सांगते, कारण तिच्या प्रत्येक फसलेल्या भांड्यामागचं कारण निराळं होतं आणि तुमच्या मुलाचं भांडं त्यातल्या कुठल्या तरी एकाशी जुळेलच.

पहिल्या वेळी तिने दुकानातलं सगळ्यात स्वस्त दूध घेतलं. फ्रिजबाहेर, नुसत्या फळीवर ठेवलेलं असतं ते, तिकडे त्याला हा-मिल्श म्हणतात. फॅट 1.5 टक्के. मायक्रोवेव्हमध्ये कोमट केलं, दुकानातल्या दह्याचा चमचाभर विरजण म्हणून घातला, ताटली झाकून ओट्यावर ठेवलं आणि झोपली. सकाळी दूध जसंच्या तसं, किंचित आंबूस. आईने सांगितलं, थंडी आहे, अजून ठेव. दुसऱ्या दिवशी त्याला कडवट वास आला आणि ते टाकून द्यावं लागलं.

तिने मला फोन केला तेव्हा मी पहिला प्रश्न दुधाचा विचारला नाही, खोलीचा विचारला. तिची खोली रात्री 19 अंशांवर यायची. आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघर आपोआप 33-35 अंशांवर असतं, त्यामुळे दही ओट्यावर ठेवलं तरी लागतं, आणि आपण त्याचं श्रेय विरजणाला देतो. शिवाय तिने विरजण म्हणून वापरलेलं दही हे योगर्ट. त्यातले जीवाणू उष्णतेत वाढणारे, 40 ते 43 अंशांत जोमाने काम करतात आणि 20 अंशांना जवळजवळ झोपी जातात. आपल्या घरच्या विरजणात अनेक जातींची भेसळ असते. त्यातले काही 25-30 अंशांतही चांगले वाढतात, म्हणून आपलं दही थंडीत उशिरा का होईना, लागतं. तिच्या भांड्यातले जीवाणू झोपलेले राहिले आणि दुधात दुसरंच काहीतरी वाढलं. कडवटपणा त्याचा.

इथे हाताच्या अंदाजाबद्दल एक सांगते. आपण सगळ्या जणी करंगळी बुडवून दूध बघतो, मीही बघते. पण ज्याचे हात दिवसभर थंड असतात त्याला 35 अंशांचं दूधही चांगलं गरम लागतं. भाची म्हणत होती की दूध छान कोमट होतं. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर आणल्यावर कळलं की तिचं ‘छान कोमट’ 33 ते 34 अंश असायचं. थंड भांड्यात ओतल्यावर ते अजून खाली जायचं. तुमच्या मुलाला आधी थर्मामीटर घ्यायला सांगा. बाकी काहीही नंतर.

दुसऱ्या खेपेला तिने भांडं खोलीतल्या हीटरला टेकवून ठेवलं. थंडीचं सांगितल्यावर कुणीही हेच करेल. सकाळी हीटरच्या बाजूला दाणेदार चोथा आणि पिवळसर पाणी, दुसऱ्या बाजूला पातळ दूध. हीटरचा पत्रा हाताला चटका बसेल इतका तापतो आणि रात्री मंदावतो. एका बाजूचं दूध आधी फार तापलं, मग गार झालं. तापमान 45 अंशांच्या वर गेलं की हे जीवाणू मंदावतात आणि 50 च्या पुढे मरायला लागतात. त्याच्या थोडं खाली, 44-45 ला, ते इतक्या वेगाने आंबवतात की दही घाईत घट्ट होतं आणि लगेच पाणी सोडतं. तुमचा मुलगा ‘फाटल्यासारखं’ म्हणतो ते बहुतेक हेच. दूध नासलेलं नसतं, उष्णता एकसारखी मिळालेली नसते. नासलं की नाही हे वासावरून आणि चवीवरून कळतं. वास स्वच्छ आंबट असेल तर ते दही ताकाला चालतं. वास कुजकट, रंग गुलाबी किंवा नारिंगी, वर बुरशी, यातलं काहीही असेल तर ते टाकून द्यायचं आणि भांडं गरम पाण्याने धुवायचं.

मग मी तिला ओव्हनमध्ये ठेवायला सांगितलं, ओव्हन बंद, फक्त आतला दिवा चालू. पण प्रत्येक ओव्हनचा दिवा सारखा नसतो. म्हणून आधी दुधाऐवजी पाणी ठेवून बघायचं: 42 अंशांचं पाणी झाकून ठेवलं आणि दोन तासांनी किती आहे ते मोजलं. तिच्या ओव्हनमध्ये ते 40 भरलं, म्हणजे जागा चांगली. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी रुंद तोंडाचा थर्मास घ्यावा. त्यात आधी गरम पाणी भरून दहा मिनिटं ठेवावं, ते ओतून द्यावं आणि मग विरजलेलं दूध भरावं. थंड थर्मासच दुधातली उष्णता ओढून घेतो, हे लक्षात न आल्याने पुष्कळांचं दही बिघडतं. आणि वाटीभर दूध लावू नये, ते लवकर निवतं. लिटरभर दूध उष्णता धरून ठेवतं.

तिसऱ्या वेळी दही लागलं. तिने फोटो पाठवला, मलाही बरं वाटलं. पण चमचा घातल्यावर ते मोडून पाण्यासारखं सैल झालं. चव बरी, पण कवडी नाही. ‘मावशी, हे आपलं दही नव्हे’ असं तिने लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं. तुमच्या प्रश्नातला दुधाचा भाग इथून सुरू होतो.

आपल्याकडे दूध संकलन केंद्रावर दर ठरतो तो फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग किती टक्के आहे त्यावर. गाईला 3.5 आणि 8.5, म्हशीला 6 आणि 9, हे आकडे गावातल्या पोरांनाही पाठ असतात. दह्याबद्दल बोलताना मात्र लोक फक्त फॅटकडे बघतात. साय जास्त तर दही घट्ट, असा समज आहे. फॅटने दह्याला चव येते, मऊपणा येतो. दही उभं राहतं ते प्रथिनांवर, त्यातही केसिनवर. दूध आंबत जातं तसे केसिनचे बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचं जाळं विणलं जातं. दुधातलं सगळं पाणी त्या जाळ्यात अडकून राहतं. जाळं दाट विणलं गेलं की दह्याची वडी पडते. विरळ राहिलं की चमचा लागताच पाणी सुटतं. गाईच्या लिटरभर दुधात प्रथिनं साधारण 33-34 ग्रॅम असतात, म्हशीच्या दुधात 40 च्या पुढे. जर्मनीत दुकानात मिळणारं दूध गाईचंच. तासगावच्या म्हशीच्या दह्याची कवडी त्यातून आपोआप येणार नाही.

दुसरी गोष्ट तापवण्याची. आपण दूध उतू जाईपर्यंत तापवतो, मग गॅस बारीक करून थोडा वेळ ठेवतो आणि ते तसंच हळूहळू निवतं. ही सवय जंतू मारण्यासाठी म्हणून लागलेली आहे, पण तिचा दह्याला दुसराच मोठा फायदा होतो. दुधात केसिनखेरीज निवळीतली प्रथिनं असतात. दूध 85 अंशांच्या आसपास वीस-पंचवीस मिनिटं राहिलं की ती उलगडतात आणि केसिनच्या कणांना जाऊन चिकटतात. मग जाळं जास्त घट्ट बसतं आणि पाणी धरून ठेवतं. तिकडचं फ्रिजमधलं साधं ताजं दूध पाश्चराइज्ड असतं, म्हणजे 72 अंशांच्या आसपास जेमतेम पंधरा सेकंद तापवलेलं. प्यायला ते अगदी सुरक्षित, म्हणून कुणी उकळत नाही, मुलं नुसतं कोमट करून विरजण घालतात. निवळीतली प्रथिनं बहुतांश तशीच राहतात आणि दही सैल लागतं.

यावर भाचीने रास्त शंका काढली. हा-मिल्श तर 135 अंशांच्या वर तापवलेलं असतं, मग त्याचं दही सगळ्यात घट्ट लागायला हवं. तसं होत नाही. ते तापवणं काही सेकंदांचंच असतं, आणि इतक्या उष्णतेने दुधात जे बदल होतात त्यामुळे त्याचं दही मऊ आणि सैलसर लागतं. लागतं जरूर, घाईच्या वेळी चालतंही. पण कवडी हवी असेल तर मी ते दूध घेऊ नका असंच सांगेन. फ्रिजमधलं ताजं दूध घ्यावं, पाकिटावर फोलमिल्श लिहिलेलं, फॅट 3.5 किंवा 3.8. लॅक्टोज काढलेलं दूध चुकून येत नाही ना, तेही बघावं. त्याचं दही लागतं पण गोडसर लागतं, आपल्या जिभेला ते पटत नाही.

आता प्रथिनं वाढवायची कशी? आटवून वाढवता येतात. लिटरभर दूध आटवून 800 मिली केलं की 34 ग्रॅम प्रथिनं तेवढ्यातच एकवटतात, म्हणजे लिटरमागे 42 च्या वर जातात. पण वसतिगृहातल्या सामायिक स्वयंपाकघरात विजेच्या शेगडीजवळ तासभर ढवळत कोण उभं राहणार? त्यापेक्षा सोपं म्हणजे साय काढलेल्या दुधाची पावडर. तिच्यात सुमारे 35 टक्के प्रथिनं असतात. लिटरला 30 ग्रॅम पावडर घातली की 10 ग्रॅम प्रथिनं वाढली, एकूण 44. म्हशीच्या दुधाइतकी. पावडर दूध थंड असतानाच घालून नीट ढवळायची, गरम दुधात गुठळ्या होतात. कॉफीत घालायची पांढरी पूड ही दुधाची पावडर नव्हे, ती घेऊ नये. आणि 30 च्या जागी 60 ग्रॅमही घालू नये. दही घट्ट होतं, पण पावडरीचा वास येतो आणि चव पिठूळ लागते.

चौथ्या वेळी तिने केलं ते असं. लिटरभर फोलमिल्श, 30 ग्रॅम पावडर, जाड बुडाचं भांडं. दूध 85 ते 90 अंशांवर, उकळी फुटायच्या बेतात, वीस मिनिटं ठेवलं आणि अधूनमधून तळापासून ढवळलं. मग झाकण न ठेवता 43 अंशांपर्यंत निववलं. विरजण लिटरला दोन चहाचे चमचे. ते आधी वाटीभर दुधात मोडून एकजीव केलं, मग सगळ्यात मिसळलं. विरजण जास्त घातलं तर दही लवकर आंबतं आणि खरखरीत होतं, म्हणून थंडी आहे तर चार चमचे घाला हा सल्ला मला पटत नाही. थंडीवर उपाय उष्णतेचाच. भांडं ओव्हनमध्ये ठेवल्यावर पाच तास हात लावायचा नाही. मग हळूच कलवून बघायचं: सगळं दही एकसंध, भांड्याच्या कडेपासून सुटल्यासारखं हललं की झालं. त्यापुढे ठेवलं तर आंबटपणा वाढतो आणि पाणी सुटतं. लागलं की न हलवता फ्रिजमध्ये, आणि रात्रभर तिथेच. ताज्या लागलेल्या दह्यापेक्षा फ्रिजमध्ये गार झालेलं दही बरंच घट्ट असतं, त्यामुळे गरम असताना चमचा घालून निकाल लावू नये.

त्या दह्याची वडी पडली. पण चव अजून दुकानातल्या योगर्टची होती, फार सौम्य. मी डब्याचं लेबल वाचायला सांगितलं, तर त्यावर ‘योगुर्ट मिल्ड’. तिकडे मिल्ड म्हणून विकलं जाणारं दही ठरवूनच अशा जीवाणूंनी लावतात जे जास्त आंबवत नाहीत. त्याचं विरजण लावलं तर तुमचं दहीही तसंच होणार. लेबलवर ‘मिल्ड’ नसलेलं, साखर-फळं नसलेलं साधं दही शोधायला हवं. तुर्की दुकानांतलं दही आपल्या चवीला जवळचं असतं. लेबलवर ‘वेर्मेबेहांडेल्ट’ असं असेल तर ते दही लागल्यानंतर पुन्हा तापवलेलं असतं. त्यातले जीवाणू मेलेले असतात, विरजणाला ते निरुपयोगी.

पण घरच्या दह्याचा जो वास असतो, लोण्याच्या जवळ जाणारा, तो नुसत्या योगर्टच्या जीवाणूंकडून येत नाही. तो थंडाव्यात वाढणाऱ्या लॅक्टोकॉकस जातीच्या जीवाणूंकडून येतो, आणि ते आपल्या घरच्या विरजणात असतात. जर्मनीत ते मिळण्याची एक सोपी जागा आहे: डिकमिल्श. हे तिथलं पारंपरिक आंबवलेलं दूध, दह्यासारखंच, साध्या दुकानातही मिळतं. ते याच जीवाणूंनी लावलेलं असतं. भाचीला मी एक चमचा तुर्की दही आणि एक चमचा डिकमिल्श असं मिश्र विरजण लावायला सांगितलं आणि तापमान 43 वरून 35-36 वर आणायला सांगितलं. 43 अंशांना लॅक्टोकॉकस काही करू शकत नाहीत आणि 20 ला योगर्टचे जीवाणू काही करू शकत नाहीत. पस्तिशीत दोघंही काम करतात. वेळ जास्त लागतो, पाचऐवजी आठ-नऊ तास, म्हणजे रात्री लावून सकाळी काढायचं. आपल्या उन्हाळ्यातल्या स्वयंपाकघराचं तापमान हेच असतं, हा काही योगायोग नाही. आपली विरजणं पिढ्यानपिढ्या याच उष्णतेत वाढलेली आहेत.

ते दही तिने ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्लं, पीठ तिला लाइपझिगच्या भारतीय दुकानातून आणावं लागलं होतं. घरच्यासारखं आहे असं तिने कळवलं आणि एक तक्रारही केली: वर साय धरत नाही. ती धरणार नाही. तिकडच्या दुधातल्या फॅटचे गोळे यंत्राने इतके बारीक फोडलेले असतात की ते वर येतच नाहीत. सेंद्रिय मालाच्या दुकानात होमोजनाइझ न केलेलं दूध मिळतं, थोडं महाग, त्यावर साय येते. रंगही म्हशीच्या दह्यासारखा पांढराशुभ्र येणार नाही, गाईच्या फॅटमधला पिवळेपणा राहतोच. लोणी काढायचं असेल तर सायीचा नाद सोडून क्रीमचा डबा आणावा आणि त्यालाच विरजण लावावं. ते उत्तम निघतं.

एकदा चांगलं दही लागलं की त्यातलं दोन चमचे पुढच्या वेळेसाठी पहिल्याच दिवशी, चमचा बुडवायच्या आधी, स्वच्छ छोट्या डबीत काढून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि आठवड्याच्या आत वापरायचं. मिश्र विरजणात काही फेऱ्यांनंतर एक बाजू वरचढ होते. दही फार आंबट व्हायला लागलं किंवा लोण्याचा वास गेला की हे झालंय असं ओळखायचं आणि डिकमिल्शचा नवा चमचा घालायचा. दह्याला तार सुटायला लागली तर ते विरजण टाकून नवं सुरू करावं. मुलगा सुट्टीत कुठे जाणार असेल तर बर्फाच्या साच्यात चमचाचमचा दही गोठवून ठेवता येतं. गोठवलेलं विरजण थोडं मंद काम करतं, पहिल्या वेळी तासभर जास्त द्यावा.

घरचं विरजण कापडावर वाळवून पाठवायचं म्हणत असाल तर पाठवू नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने किंवा पार्सलने दुधाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे, विमानतळावर सापडलं तर काढून घेतात. आणि त्याची गरजही नाही. त्याला थर्मामीटर, फोलमिल्श, पावडर, तुर्की दही आणि डिकमिल्श या पाच गोष्टी आणायला सांगा. पहिल्यांदा फक्त तुर्की दही घालून 42-43 अंशांवर लावू दे, त्यात दूध आणि जागा बरोबर आहे की नाही ते कळेल. ते नीट लागलं की मग मिश्र विरजण, 35 अंशांवर. तरीही बिघडलं तर मला तीन गोष्टी लिहून पाठवा: दुधाच्या पाकिटावर काय लिहिलंय, विरजण घालताना दूध किती अंशांवर होतं, आणि सकाळी भांड्यातलं दही किती अंशांवर होतं.